चार घाण्यांचा ड्रम

तीन दिवस बिस्किटं दगडासारखी निघत होती, आणि खापर फोडायला मावशीचं डोकं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

बिस्किटांच्या कारखान्यात पीठ मळायच्या यंत्रावर मावशीची अठरा वर्षं गेली होती. खरं तर ती मावशी फक्त एकीची, तपासणीच्या खोलीत बसणाऱ्या भाचीची. पण भाचीचं ऐकून अख्खा कारखाना, वयाने मोठा असलेला कोठीवाला मामासुद्धा, तिला मावशीच म्हणायचा.

"उद्यापासून तुम्ही पॅकिंगला," साहेब म्हणाले. "वय झालं की हात चालत नाही."

"हात चालतोय, साहेब. पीठच कोरडं आहे. तेल कमी पडतंय."

"तेल आता मीटर मोजतो. मीटर चुकत नाही, माणूस चुकतो."

साहेबांना येऊन महिना झाला होता. आधी मावशी तेल बादलीने काट्यावर तोलून घ्यायची. एका घाण्याला, म्हणजे एका वेळी मळायच्या पिठाला, साडेपंचेचाळीस किलो, कृतीच्या कागदावर तसंच लिहिलेलं. तीन दिवसांपूर्वी साहेबांनी काटा तिथून हलवला, ड्रमला पंप लावला, पंपाला मीटर, आणि मीटरवर स्वतःच्या हाताने आकडा बसवला: ४५.५. वर वाटीभर तेल घालायचीही बंदी. हातांना जे कळतं ते खुर्चीला कळत नाही, पण शिक्षा नेहमी हातांनाच होते.

पॅकिंगला जायचं म्हणजे दिवसभर पुडे मोजत बसायचं. पीठ हाताला सुटत आलं की मावशीला जो आनंद व्हायचा, तो तिने कुणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर लोक हसले असते. ती रागारागाने कोठीत गेली.

मामा रिकाम्या ड्रमाशी वाकून तळाचं तेल डब्याने काढत होता.

"काय हो मामा, उपसताय काय?"

"तळ. तेलवाले हल्ली उदार झालेत बघ! चार घाणे झाले की ड्रम बदलायचा, ही आपली जुनी रीत. पूर्वी चार घाण्यांत ड्रम कोरडा व्हायचा. आता प्रत्येकात अठराएक लिटर उरतं. नऊ ड्रमांचं मिळून त्या धुतलेल्या ड्रमात ओतलंय. भरत आलाय."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी?"

मावशीने नव्या ड्रमावरची चिठ्ठी वाचली. दोनशे लिटर. खाली, निव्वळ वजन एकशे ब्याऐंशी किलो. साडेपंचेचाळीस चोक एकशे ब्याऐंशी. म्हणजे चार घाण्यांचा हिशोब किलोतला, आणि मीटर...

"मामा, मीटरवर किलो लिहिलंय की लिटर?"

"लिटर. का गं?"

ती एक लिटरचं माप तेलाने भरून भाचीकडे धावली.

"अगं मावशी, सांडतंय! साहेब इथेच आहेत."

"बरंच झालं. तोल हे. मग माप रिकामं करून तोल, त्याचं वजन वजा कर."

काट्यावर तेल भरलं नऊशे दहा ग्रॅम. भाचीने तेच तेल उंच काचेच्या नळीत ओतून त्यात काचेचा तरंगता मापक सोडला. तो डुलला, थांबला. "विशिष्ट गुरुत्व शून्य पॉइंट नऊ एक," ती म्हणाली. "आजच्या उष्म्याला. थंडीत जरा वाढेल, तेव्हा पुन्हा बघावं लागेल."

"म्हणजे लिटरला किलो भरत नाही?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याचा भरतो, साहेब," मावशी म्हणाली. "तेल पाण्यावर तरंगतं, हे तरी पाहिलंय ना? साडेपंचेचाळीस लिटर म्हणजे एकेचाळीस किलो आणि वर थोडं. घाण्यामागे चार किलो तेल तुमच्या मीटरने दिलंच नाही. ते मामाच्या ड्रमात बसलंय."

भाचीने गणकयंत्र पुढे सरकवलं. "साडेपंचेचाळीस भागिले शून्य पॉइंट नऊ एक. पन्नास. मीटर पन्नासवर लावा."

साहेबांनी भागाकार दोनदा केला. दोनदा पन्नास आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण एक मानलं पाहिजे, ते पळाले नाहीत. स्वतः खाली गेले आणि मीटर पन्नासवर बसवला. "कागदावर मीच किलो आणि लिटर दोन्ही लिहितो," ते पुटपुटले. "चूक माझी होती."

"मोठ्याने बोला, साहेब," मामा म्हणाला. "यंत्राचा आवाज फार आहे."

साहेब मोठ्याने बोलले. "चूक माझी. मावशी, तुम्ही कुठेही जायचं नाही."

घाणा फिरला. मावशीने यंत्र थांबवून आत हात घातला. पीठ मऊ, तुकतुकीत, बोटांना न चिकटता सुटलं.

"काय म्हणतंय?" भाचीने दारातून विचारलं.

"भट्टी तापवा म्हणतंय," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या घाण्याचा मैदा ओतायला लागली.