सेंटरची बॅटरी

माझ्या नवऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती आणि हा माणूस शिरगावच्या घरात खिडकीपाशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. माझं डोकं पहिल्यांदा फिरलं ते त्या शेंगांवरून.

भगवान, माझा नवरा, अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन. अकरा वर्षं झाली. आत सॉल्व्हंटचं काम, ठिणगी चालत नाही, म्हणून मोबाईल आत न्यायचा नाही. शिफ्टला येणारा प्रत्येक जण फोन गेटवर जमा करतो आणि भगवान ते लाकडी ट्रेमध्ये ठेवतो. आणि वॉचमनकाका भला माणूस ना, मग ‘काका, जरा चार्ज करून ठेवा.’ त्याने केबिनमध्ये तो लाल-हिरव्या दिव्यांचा, चिमट्याचा चार्जर आणून ठेवला होता. फोनमधली बॅटरी काढायची आणि नुसती चिमट्यात धरायची, कुठल्याही फोनची चालते. साहेबाला हे माहीत होतं. त्याच्या ड्रायव्हरची बॅटरीसुद्धा तिथेच लागायची.

शुक्रवारी दुपारी त्या चिमट्यात लावलेली अक्षयची बॅटरी फुगली, तिच्यातून धूर निघाला आणि भपकन पेटली. ट्रे जळाला, सात फोन गेले, हजेरीचं रजिस्टर अर्धं जळालं. बाहेर टँकर उभा होता, भरलेला. भगवानने रेतीची बादली ओतली म्हणून पुढचं टळलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. पण साहेबाने त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं. म्हणाला, आग तुझ्या चार्जरने लागली. सोमवारी चौकशी. बॅटरीतच खोट होती असं मोबाईल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं तर बघू, नाहीतर हिशोब घेऊन जा.

बॅटरी सेंटरचीच होती. अक्षय हा कंत्राटावरचा पोरगा, बायको सातव्या महिन्यात. तो मला म्हणाला, काकी, मी काकांकडे साडेसातशे रुपये दिले, त्यांनीच कल्याणच्या सेंटरमधून ओरिजिनल आणून दिली, हे बघा बिल. कंपनीतल्या लोकांना सेंटरला जायला जमतच नाही. ते दहाला उघडतं, सहाला बंद होतं, रविवारी कुलूप. भगवानची सुट्टी बुधवारची, म्हणून सगळे त्यालाच पिटाळतात. गेल्या तीन वर्षांत कोणाचा रिचार्ज, कोणाचं रेशनकार्ड, कोणाची बॅटरी, सगळं याने केलं. फुकट.

म्हणजे सरळ होतं. सेंटरवाल्यांनी खोटा माल दिला आणि माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय आला. मी शेंगांचं ताट त्याच्या पुढून उचललं आणि म्हटलं, चला, कल्याणला. तर हा म्हणतो, जाऊ दे माया, मोठ्या लोकांशी कशाला वाद घालायचा. मला वाटलं, घाबरला. अकरा वर्षं सलाम ठोकून माणसाचा कणा मोडतो, असंही मी त्याला बोलले. काय काय नाही बोलले. शेवटी जळकी बॅटरी डब्यात घातली, अक्षयचं बिल घेतलं आणि शनिवारी एकटीच गेले.

सेंटर म्हणजे एसी, टोकन आणि काचेआड गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली पोरंपोरी. माझा नंबर यायला सव्वा तास लागला, तोवर मी आणखी तापले. काउंटरवर कीर्ती नावाची मुलगी होती. मी डबा तिच्यापुढे आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की तुम्ही डुप्लिकेट विकता आणि गरिबाची नोकरी घालवता.

पोरगी गोरीमोरी झाली नाही. तिने हातमोजे घातले, चिमट्याने ती जळकी वस्तू उलटी केली आणि शेजारी एक नवी बॅटरी ठेवली. मग शांतपणे दाखवत गेली. न जळलेल्या लेबलावर छापलेला ताकदीचा आकडा बघा, चौदाशे. आमच्या या मॉडेलला एवढी मोठी बॅटरी कंपनी बनवतच नाही. मग तिने टोकाचा वितळलेला प्लास्टिकचा तुकडा बाजूला केला. ओरिजिनलमध्ये इथे, या पितळी टोकांच्या मागे, एक छोटं सर्किट असतं. बॅटरी भरली की ते चार्जिंग तोडतं, शॉर्ट झालं तरी तोडतं. हिच्यात सर्किटच नाही. पट्टी थेट सेलला जोडलेली आहे. फोनमध्ये लावून चार्ज केली असती तर निदान फोनने थांबवलं असतं. चिमट्याच्या चार्जरला कुठे थांबायचं ते कळत नाही आणि या बॅटरीलाही कळत नव्हतं. दोन्ही आंधळे एकत्र आले.

मी म्हटलं, तेच तर म्हणते मी, असला माल विकलात कसा?

तिने माझ्याकडचं बिल मागितलं, कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि कागद माझ्याकडे वळवला.

“मावशी, हे बिल नाही. ही जॉबशीट आहे. इथे लिहिलंय, बॅटरी शिल्लक नाही, दहा दिवसांनी या. ते परत आलेच नाहीत. आम्ही यांना बॅटरी दिलेलीच नाही.”

कागद इंग्रजीत. मला वाचता येत नाही, अक्षयला जेमतेम. पण खाली सही मराठीत होती. ती सही मी रेशनच्या फॉर्मवर, पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर, घराच्या ॲग्रीमेंटवर बघितली आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या लोकांसमोर मी त्या पोरीला चोर म्हटलं होतं. मी तिची माफी मागितली. तिने काही न विचारता लिहून दिलं, शिक्का मारून, की ही बॅटरी आमची नाही, आम्ही विकली नाही, हिच्यात सुरक्षेचं सर्किट नाही.

घरी आले तर भगवानने स्वयंपाक करून ठेवला होता. मी कागद ताटात ठेवला. त्याने वाचला नाही. वाचायची गरजच नव्हती.

मग हळूहळू निघालं सगळं. सेंटरने दहा दिवस सांगितले, परत येणार कोण, म्हणून उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लछूभाईच्या दुकानात गेला. लछूभाईने तीन प्रकार पुढे ठेवले. त्याने सांगितलंही होतं की दीडशेवाली कॉपी आहे, हिला बाहेरच्या चार्जरवर लावू नका, रात्रभर ठेवू नका. चांगली हवी तर पाचशेवाली घ्या, तिच्यात सर्किट आहे. याने दीडशेवाली घेतली. वर ओरिजिनलचं चमकतं स्टिकरही त्याच्याकडून लावून घेतलं. उरलेले सहाशे खिशात. स्टिकर का लावून दिलं, म्हणून मला त्या लछूभाईचाही राग आला, पण त्याने निदान तोंडाने खरं सांगितलं होतं. माझ्या माणसाने तेही केलं नाही.

“सगळ्यांची कामं फुकट करतो मी,” भगवान म्हणाला. “रिक्षाचं भाडं कोणी विचारलंय कधी? आणि अर्ध्या अंबरनाथच्या फोनात डुप्लिकेटच आहे. चालतातच की.”

मला वाटलं आता रडेन, पण रडू येईना. रोज संध्याकाळी फोटोपुढे बसून पंचशील म्हणतो हा माणूस. न दिलेलं घेणार नाही, असं म्हणतो. मी विचारलं, अशा आणखी किती जणांना दिल्या? त्याने ताट बाजूला सरकवलं. मी पुन्हा विचारलं.

तिघांना. कमळाकर, दिनानाथ आणि सदू.

म्हणजे मी इथे भांडत असताना तीन घरांत तसल्याच बॅटऱ्या चार्जला लागल्या असतील, कोणाच्या उशाशी, कोणाच्या पोराच्या हातात. आणि हा काय म्हणाला माहितीये? म्हणाला, कागद तर मिळाला ना आता. साहेबांना दाखवू. बॅटरी सेंटरची नाहीच. अक्षयने मागाहून बाहेरून टाकली असेल, असं सांगू. कंत्राटाचा आहे, त्याला दुसरीकडे लागेल काम.

अठरा वर्षांच्या संसारात मी या माणसाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. “तू सांगतोस की मी सांगू?” एवढंच बोलले. माझा आवाज बसला होता, तरी शेजारच्या कुमुदिनीने दार लावून घेतलं.

रविवारी मी त्याला घेऊन तिघांच्या घरी फिरले. तो पुढे, मी मागे, म्हशीला हाकतात तसं. कमळाकर आणि सदूच्या बॅटऱ्या बऱ्या दिसत होत्या. दिनानाथच्या फोनचं मागचं झाकण बसत नव्हतं, म्हणून त्याने रबरबँड लावला होता. बॅटरी फुगून पोळीसारखी झाली होती आणि तो म्हणत होता, फोन जुना झालाय, झाकण सैल झालंय. त्याची बारकी पोर त्याच फोनवर सापाचा गेम खेळत बसली होती. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. भगवान दारातच उभा राहिला, म्हणून मीच सांगितलं.

सोमवारी गेटवर, रेतीच्या बादलीशेजारी, त्या तीन बॅटऱ्या आणि सेंटरचा कागद ठेवला. साहेब आला, अक्षय आला, पहिल्या शिफ्टची माणसं थांबली. भगवानने मान खाली घालून सांगितलं. अर्धवट सांगत होता, मी मध्ये बोलले नाही, पण तिथून हललेही नाही. त्याने सगळं सांगितलं, स्टिकरसकट.

साहेबाने फार वेळ घेतला नाही. अकरा वर्षांचा हिशोब दोन ओळींत आटोपला. भगवानने टोपी आणि शिट्टी टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर बरं वाटेल. काही वाटलं नाही. घरी पोरीची बारावी, पुढच्या महिन्याचं काय, हेच डोक्यात फिरत होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्या सेंटरचाही राग आला, दहाला उघडणाऱ्या, सहाला बंद होणाऱ्या आणि कामगाराला दहा दिवस थांबा म्हणणाऱ्या सेंटरचा.

आम्ही निघालो तेव्हा अक्षय मागून आला. मी तयारीत होते. त्याने शिव्या घातल्या असत्या, गळा धरला असता, तरी मी मध्ये पडणार नव्हते. तो भगवानपुढे नुसता उभा राहिला.

“काका,” तो म्हणाला, “दहा दिवस लागतील असं सांगायचं होतं ना. मी थांबलो असतो.”

भगवान रस्त्यातच खाली बसला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला उठवलं नाही.