वाचून, समजून

“हे सलाईन मी लावून घेत नाई,” मनकर्णाबाई नर्सला म्हणाल्या आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

अमरावतीच्या दवाखान्यात आज त्यांची पहिली किमो होती, एक्क्याऐंशीव्या वर्षी. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. त्यांना मात्र पित्ताचे खडे सांगितले होते. ही अक्कल थोरल्या किशोरची. किशोर वकील आणि नोटरी. ‘वाचून, समजून सही केली ना?’ असं विचारल्याशिवाय कुणाच्या कागदावर शिक्का न मारणारा. त्याच माणसानं चार दिवसांपूर्वी आईचा चष्मा कोटाच्या खिशात टाकला, ‘घरी राह्यला वाटते’ म्हणाला आणि किमोच्या संमतीपत्रावर तिची सही घेतली.

डॉक्टर नईमा आल्या. आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय, हे त्यांनी आधी मनकर्णाबाईंनाच विचारलं. “सारं सांग, बाई,” त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांनी सांगितलं. किमोनं आजार बरा होणार नव्हता. फार तर दोन-तीन महिने वाढले असते, तेही उलट्या-थकव्यात. किमो नाही घेतली, तरी काळजी थांबणार नव्हती. काविळीसाठी टाकलेली नळी राहणार, दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या, त्यानं बद्धकोष्ठ होतो म्हणून पोट साफ होण्याचं औषध, घरी येणारी नर्स. बाई पूर्ण शुद्धीत आहेत, तेव्हा निर्णय त्यांचाच, असंही डॉक्टर किशोरकडे बघून म्हणाल्या.

मुलगी शैला डोळे पुसत आईच्या बाजूनं झाली. किशोर हटेना.

“आई, लोक काय म्हनतीन? पोरगा वकील, अन् मायले तसंच सोडलं.”

“मंग ह्या सुया लोकायसाठी हायेत का माह्यासाठी?”

किशोरचे कान तापले. आईसाठी भांडतोय असं तो स्वतःलाच सांगत आला होता, आणि तोंडातून भलतंच निघालं.

“मले अकोल्याले ने, शैलीकडं,” त्या म्हणाल्या. “गळ्यात नळी नोको, मशीन नोको. दुखलं त गोळी द्या. अन् तसं कागदावर लिही, नाई त मांगून तूच बदलशील.”

आठवड्यानं अकोल्याच्या जुन्या शहरात, शैलाच्या घरी, कागद तयार झाला. किशोरनंच लिहिला. पण आपल्याच आईच्या कागदावर तो शिक्का मारणार कसा? म्हणून पंजाबराव नोटरी घरी आले. साक्षीला शेजारचे फारुखभाई आणि शैलाच्या शाळेतल्या एक बाई.

पंजाबरावांनी पेन पुढं केलं. मनकर्णाबाईंनी ते घेतलं नाही.

“चष्मा दे, किशोर. तुह्याच खिशात हाये.”

दवाखान्यातल्या त्या सहीपासून चष्मा तिथंच होता. परत देण्याचं धाडस त्याला झालं नव्हतं, आणि तिनंही मागितला नव्हता. सगळ्यांसमोर त्यानं तो काढला. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

मनकर्णाबाईंनी ओळीवर बोट ठेवून दोन्ही पानं मोठ्यानं वाचली, दमल्या की थांबून. मग सही केली.

“वाचून, समजून केली ना, आजी?” पंजाबरावांनी सवयीनं विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “या खेपेले वाचून केली.”

त्यांनी चष्मा काढला. किशोरनं तो रुमालानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि त्यांच्या उशाशी, हात पोचेल असा ठेवला.