आरशातला डावा दिवा

सकाळी नऊ चाळीसला वहिनी गाडी चालवायच्या परीक्षेला निघाली. निघताना तिने बारकीला, म्हणजे धाकट्या नणंदेला, दारात अडवून ड्रायव्हिंगच्या पुस्तिकेचा शेवटचा धडा म्हणून दाखवला.

"मागच्या गाडीचा दिवा आरशात उजवीकडे लुकलुकला, की समजायचं ती डावीकडून पुढे जाणार. आरसा उलटं दाखवतो ना."

बारकी चप्पल शोधत होती. "हो, हो," म्हणाली. पुस्तिकेतली चित्रं तिनेच केली होती, त्यामुळे वहिनीला धडा पाठ झाल्याचं तिला जरा कौतुकच वाटलं. चप्पल सापडली आणि ती कामावर गेली.

बारकीच्या कचेरीत चित्रं कोणी हाताने काढत नाही. हवं ते चित्र शब्दांत लिहून यंत्राला द्यायचं, आलेलं तपासायचं, चुकलं तर शब्द बदलायचे. त्या शब्दांना सगळे प्रॉम्प्ट म्हणतात. आरसे, डबकी, संथ पाणी असलं काम बारकीकडेच येतं, कारण यंत्राला वरचं दृश्य छान जमतं आणि प्रतिबिंबात ते स्वतःच्या मनाचं काहीतरी घुसडतं. वर लाल गाडी, खाली निळी. वर एक माणूस, खाली दोन.

त्या दिवशी डबक्याचं पान होतं. सव्वादहाला तिने लिहिलं: समोरून येणारी लाल गाडी, पुढे चाकांपर्यंत साचलेलं पाणी. पाण्यात तीच गाडी, खाली डोकं वर पाय, चाकाला चाक टेकलेलं. पाणी गाडीला खालून बघतं, म्हणून प्रतिबिंबात टप दिसू नये. यंत्राने गाडी नेमकी काढली, पण वर चित्राच्या उजव्या कडेचा दिवा पेटलेला, तर पाण्यात डाव्या कडेचा.

"पाणी वरचं खाली करतं बाबा, उजव्याचं डावं नाही," ती पडद्याला म्हणाली आणि पुढची ओळ टाइप करू लागली: जो दिवा ज्या बाजूला, त्याच बाजूला.

सकाळचं वहिनीचं वाक्य आठवून तिथेच तिचा हात थांबला.

ती उठून हात धुवायच्या आरशापुढे गेली. डावा हात वर केला. आरशात डाव्याच बाजूचा हात वर गेला. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने परत येऊन वहिनीच्या पुस्तिकेची दोन महिन्यांपूर्वीची फाइल उघडली. प्रॉम्प्ट चोख होता: ड्रायव्हरपुढच्या आरशात मागची पांढरी गाडी, पेटलेला दिवा आरशाच्या डाव्या बाजूला, नंबरपट्टीवरची अक्षरं उलटी. सातव्या खेपेला यंत्राने सगळं बरोबर दिलंही होतं. मग संपादक काका म्हणाले होते की नंबर वाचता येत नाही, लोक चूक समजतील, सरळ करा. तिने आरशापुरता तुकडा कापून डावा-उजवा पलटवला होता. अर्ध्या मिनिटाचं काम. अक्षरं सरळ झाली आणि त्यांच्याबरोबर दिवाही उजवीकडे गेला.

काकांनी पुस्तिका चष्म्याजवळ धरून पाहिली. चित्राखालच्या उत्तरात 'डावीकडून' असंच छापलंय, मग बिघडलं काय, असं त्यांचं म्हणणं.

"उत्तर बरोबर आहे, म्हणूनच घात झालाय काका. चित्रात उजवीकडे, उत्तरात डावीकडे. वाचणारा ताळमेळ बसवणारच. आरसा उलटं दाखवतो म्हणणार."

काकांनी पुस्तिका खाली ठेवली. किती गेल्या, असं त्यांनी हळूच विचारलं. तीन ड्रायव्हिंग शाळांना गेल्या होत्या. ते फोनकडे वळले.

बारकीने वहिनीला फोन लावला. बंद. परीक्षेत फोन बाहेर जमा करतात. मग वहिनीला शिकवणाऱ्या मास्तरांना लावला. ते परीक्षा केंद्राच्या फाटकाजवळच चहा पीत होते. लेखी झाली, वहिनी हसत बाहेर आली, म्हणाले.

"मास्तर, शिकवताना ती आरसा बघायची ना?"

"तिने नाकासमोर बघायचं, आरसा मी बघायचा, असंच चाललं होतं आमचं," मास्तर हसले. "आता आरशाचं तिला पुस्तकातलं तोंडपाठ आहे. काळजी करू नका ताई."

तिने थोडक्यात सांगितलं. पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला, मग पळत्या पावलांचा. बराच वेळ नुसता रस्ता ऐकू येत होता.

"गाडी आत्ताच बाहेर पडली," मास्तर धापा टाकत म्हणाले. "शेजारी परीक्षक आहेत. पण पुढे मोठ्या रस्त्यावर लेन बदलायला लावतात."

काकांचं दोन शाळांशी बोलणं झालं. तिसरी फोन उचलत नव्हती. बारकीने पान चौदावरच्या आरशाचं मूळ चित्र, उलट्या अक्षरांसकट, छापखान्याकडे पाठवलं. डबक्याचं चित्र अर्धवटच राहिलं.

फेरी वीस मिनिटांची असते. गाडी अकरा दहाला निघाली. अकरा बेचाळीसला मास्तरांनी कळवलं की ती अजून फाटकात आलेली नाही.