हंसाबाईचं चूर्ण

चूर्णातून हंसाबाईला काय मिळणार होतं म्हणाल, तर भासऱ्याच्या, म्हणजे थोरले दीर नानाजींच्या, तोंडून एक बरा शब्द. हसू नका. नवरा गेल्यावर थोरल्या जाऊबाईंच्या चुलीवर जेवणाऱ्या बाईला तेवढीही कमाई मोठी असते. नानाजींपुढे ती कधी डोक्यावरच्या पदराशिवाय आली नव्हती, आणि बोलली तर कधीच नव्हती. त्या घराण्यात भासऱ्याशी बोलत नसत.

कापसाचे भाव पडले होते ते साल. महागावच्या खरेदी केंद्राबाहेर गाड्या दिवसच्या दिवस उभ्या. नानाजी गाडीवर बसून चहा आणि सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यावर राहिले, अन् पोट दगड झालं. हंसाबाईनं हिरडा, बेहडा, आवळा बिया काढून सारख्या मापानं कुटले, वस्त्रगाळ केले. त्यांनी दोन दिवस घेतलं आणि बायकोला म्हणाले, "तुह्या जावेच्या चूर्णात दम नाई."

दम नाही? हंसाबाईनं किराण्यातून सोनामुखीचा जुलाबी पाला आणून त्यात कुटून टाकला. चवीला सुंठ, काळं मीठ. रंग थोडा हिरवट आला, तो हिरडा वाढवून झाकला. दुसऱ्या सकाळी नानाजी हलके होऊन आले आणि ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "हंसाचं त्रिफळा म्हणजे त्रिफळा!"

झालं. एका चमच्याचे दोन झाले, दोनाचे तीन. चमचा चुकला की पोट हलेना. जुलाब होतात का, पाय गळतात का, हे भासऱ्याला विचारायचं कसं? रिकामा डबा थोरल्या जाऊबाई इंदुताई आणून ठेवायच्या, भरलेला घेऊन जायच्या. एवढाच निरोप. सूज उतरायला नानाजी लघवीची गोळी घेतात आणि छातीसाठी दुसरी, हे हंसाबाईला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी नानाजी संडासातून उठलेच नाहीत. पाय लुळे, छातीत धडधड मधेच अडखळणारी. पोरगा कपिल त्यांना जीपमधून पुसदला घेऊन आला. हृदयाच्या आलेखाची पट्टी पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला.

"आणखी काय घेतात? मुळ्या, काढे, चूर्ण?"

"नाई जी," कपिल म्हणाला. "घरचं त्रिफळा तेवढं. ते काय औषध आहे का?"

हंसाबाई दाराशी उभी होती. सोनामुखीचं नाव तोंडात आलं आणि पदराआड विरलं. डॉक्टरीणबाई रक्ताच्या रिपोर्टसाठी बाहेर गेल्या.

पोट फुगलंय म्हणून नानाजी कण्हत होते. इंदुताईंनी पिशवीतून डबा काढला, पेल्यात कोमट पाणी ओतलं आणि चमचा भरला. उंच, शीग लावून, आणि पाण्यात ढवळला.

"मोठ्या बाई," हंसाबाई कुजबुजली, "नका देऊ."

"काहून? दोन दिवस झाले, कोठा साफ नाई."

"नका देऊ न."

"तुह्यंच तं आहे! तुले मान पाह्यजे आणि आता नखरे?"

पेला नानाजींच्या ओठाला लागला. मॉनिटरची टिकटिक घसरली, थांबली, पुन्हा धावली. हंसाबाईचा जीव त्या थांबलेल्या जागेत अडकला. हा माणूस आपल्या हातानं मरतोय, आणि आपण पदर धरून उभ्या! ती पुढे गेली, पेला हिसकावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलली.

"भाऊजी, ते निरं त्रिफळा नाई. सोनामुखी आहे त्यात. निम्म्यावर."

कपिल ओरडला, "काकू, तू काय करून ठेवलं हे?"

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त भयंकर वाटलं. "पोटॅशियम फार खाली गेलंय. सोनामुखीनं रोज जुलाब, वर लघवीची गोळी. दोन्हींतून ते वाहून गेलं. छातीची गोळी अशा वेळी हृदयावर उलटते. आणि पोटॅशियम कमी झालं की आतडंच सुस्तावतं. माणूस म्हणतो, बद्धकोष्ठ, अजून एक चमचा. हा चमचा दिला असता तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. छातीची गोळी थांबवली, सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम सुरू केलं. घाईनं दिलं तर तेही मारतं, म्हणाल्या.

बाकावर बसलेल्या हंसाबाईला दुसरीच धास्ती लागली. गावात आणखी कोणाकोणाकडे तिचे डबे होते! खरेदीच्या रांगेतल्यांनीही मागून नेले होते. शेजारच्या उकंडाच्या गरोदर सुनेनंही.

नानाजी वाचले. गावी परतल्यावर हंसाबाई दारोदार गेली. "फेका ते. सोनामुखी आहे. दोन-चार दिवस ठीक, रोजचं नाई." उकंडाच्या सुनेनं डबा उघडलाच नव्हता, हंसाबाई तिच्या उंबऱ्यावरच मटकन बसली. बाकीच्यांनी काही डबे परत दिले. काहींनी लपवले, आणि वर म्हणाले, बाई आता खोटं बोलून राह्यली, जोरदार माल स्वतःसाठी ठेवते.

किंमत कोणी मोजली, तर अशी. नानाजींनी पायांतला जोर दिला, आणि आतडं आपलं आपण चालायला शिकेपर्यंतचे कितीतरी आठवडे. हंसाबाईनं कमावलेलं नाव दिलं. भासऱ्यानं तिच्याशी बोलणं सुरू केलं नाही. ती समोर आली की नजर मात्र दुसरीकडे वळवायला लागला. आणि ज्यांनी तिची वाहवा करून डबे नेले आणि लपवले, त्यांनी अजून काहीच दिलेलं नाही. चमचा मात्र चालू आहे.