सीलबंद चॉपरची शिफारस

माझ्या पेजचं काम बघणारा माझा दीर म्हणजे दीडशहाणा. मी स्वयंपाकघरातलं कुठलंही उपकरण महिनाभर वापरून मगच लिंक टाकते आणि पहिल्याच ओळीत सांगते, की इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. चार दिवस माहेरी गेले, तेवढ्यात या महाशयांनी माझ्या नावाने मोठ्या इलेक्ट्रिक चॉपरची लिंक टाकली. वर ‘मी रोज वापरते’, आणि कमिशनची ओळ पार तळाशी, हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात पुरलेली. चॉपरचा खोका घरात अजून सीलबंद होता.

परत आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणतो, “वहिनी, ती ओळ वर दिसली की लोक बिचकतात.”

मी ओळ वर आणली आणि पुढे लिहिलं: ‘हा मी वापरलेला नाही. चूक झाली. भांडं मोठं आहे, एकट्यादुकट्याला सुरी पुरते.’

“आता कोण घेणार?” तो फणकारला.

तेवढ्यात एकट्या राहणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. “तुझ्या लिंकवरून चॉपर घेतला गं. एक कांदा टाकला की नुसता कडेला चिकटतो. तू रोज कसा वापरतेस?”

मी फोन दिराच्या हातात दिला.

“सांग आईला.”