घोड्याचे पाय बघ

लग्नाची घाई माणसांना कुठली, घरातल्या खोलीला असते! ममताला हे पक्कं ठाऊक होतं. घटस्फोटानंतर ती मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला भावाकडे आली, त्याला चार वर्षं झाली. आता भाचा अथर्व दहावीत जातोय आणि तिची खोली त्याला हवीय. तोंडाने कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

त्यात आत्माराम आला. काशीमीऱ्याला गोदाम, बोलणं गोड, ओळख एकोणीस दिवसांची. रविवारी साखरपुडा, पुढच्या आठवड्यात देवळात लग्न, असं त्यानेच ठरवून टाकलं.

याच खोलीत ममता बायकांना टॅरोची पानं वाचून दाखवायची. आज तिने स्वतःसाठी पानं पिसली. 'हा माणूस कोणत्या चालीने येतोय?' मनात विचारून एक पान उलटलं. तलवारीचा घोडेस्वार.

"अगं बाई!" सुरुची वहिनी दारातूनच म्हणाली. "रोज फुलं, रोज शायरी. हा पेल्याचा घोडेस्वारच असणार. नीट बघा ना ताई!"

ममताने गठ्ठ्यातून पेल्याचा घोडेस्वार शोधून शेजारी ठेवला.

"फुलं बघू नका वहिनी, घोड्याचे पाय बघा. हा पेलेवाला पावलापावलाने चालतोय, पेला पुढे धरून. समोर नदी आहे, पण घाई नाही. हा विचारतो आणि थांबतो. कधी नुसताच गोड बोलत रेंगाळतो, तोही दोष आहेच. आणि हा बघा, घोडा चौखूर उधळलाय, तलवार वर, मागची झाडं वाऱ्याने वाकलीत. गोड बोलणं याच्याही तोंडी असतं. पण हा थांबत नाही. आला तसा जातोही."

"म्हणजे वाईट?"

"वाईट नाही. फक्त वेग त्याचा, आपला नाही."

पानावरून माणसाला फाशी देऊ नये, असं ती गिऱ्हाइकांना बजावायची. खात्री करून घ्या म्हणायची. म्हणून तिने आत्मारामला लिहिलं, 'मला दिवाळीपर्यंत वेळ द्याल?' पेलेवाला असेल तर थांबेल. जीव नुसता टांगणीला लागला. थांब रे बाबा, थांब!

मिनिटही गेलं नाही. 'रविवारी हो म्हण, नाहीतर राहू दे. माझ्यामागे दुसरीही कामं आहेत.'

सुरुचीने खांद्यावरून वाचलं. तिचा चेहरा पडला. "ताई... अथर्वचं टेबल उद्या येतंय हो. मी ऑर्डर करून बसले." डोळे भरून आले होते तिचे, खोटं कशाला बोला. "तुम्ही नाही म्हणालात तर मी हॉलमध्ये ठेवीन. बघते कसं ते."

हॉलमध्ये भावाचा पलंग होता, टीव्ही होता, कपड्यांचा स्टँड होता. टेबलाला जागा नव्हती. ममतालाही नव्हती.

तिने दोन्ही पानं गठ्ठ्यात सरकवली आणि फोनवर दोनच अक्षरं लिहिली. 'बरं.'

सुरुचीने धावत जाऊन साखर आणली आणि तिच्या तोंडात चिमूटभर घातली. ममताने ती गिळली. उद्या चार वाजता खालच्या मजल्यावरची पिंकी येणार होती, तिच्या नव्या मित्राचं विचारायला. तिला मात्र थांब म्हणायचं, हे ममताने ठरवलं.