पास झालेला पीस घेऊन या

मोशीच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी निरंजनने लिहिलेलं निमंत्रण स्वतः मालक बबनरावांनी दोनदा वाचून घेतलं होतं. चिखलीतल्या त्यांच्या वर्कशॉपने यंत्राचा भाग पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघण्याऐवजी हवा भरून गळती तपासायचं नवं मशीन बनवलं होतं. ‘स्टॉलला अवश्य भेट द्या’ असल्या कोरड्या मजकुराने कोण कशाला येईल? म्हणून निरंजनने नेमकं लिहिलं होतं, ‘तुमच्या पाण्याच्या टाकीत पास झालेला पीस घेऊन या. आमचं मशीन काय म्हणतं ते डोळ्यांनी बघा.’ ड्रॉइंग आधी मागवून ज्याचा त्याचा पीस मशीनवर घट्ट धरून ठेवेल असं फिक्श्चरही त्याने तयार ठेवलं होतं.

चाकणच्या फाउंड्रीतल्या क्वालिटी हेड विजयश्री मॅडम आल्या. वर्कशॉपला पहिली ऑर्डर त्यांनीच दिली होती, तेव्हा बाकी कुणी दारात उभं करत नव्हतं. पिशवीतून त्यांनी ॲल्युमिनियमचं हाउसिंग, यंत्रावरचं ओतीव कवच, काढून दिलं. निरंजनला चेव चढला. माइक घेऊन त्याने मॅडमचं, कंपनीचं नाव पुकारलं. गर्दी जमली. पीस बसवला, हवा भरली, आणि मोठ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: फेल.

“बघा, डोळ्याला दिसत नाही ते मशीन पकडतं!” तो माइकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस पुढे उभा होता, ज्योतीराम. मॅडमची हाउसिंग ज्या कंपनीत जात, तिथला तो खरेदी अधिकारी. त्यालाही निरंजननेच बोलावलं होतं आणि स्टॉल भरलेला दिसावा म्हणून मॅडमना दिलेली अकराचीच वेळ दिली होती. ज्योतीरामने पडद्याचा फोटो काढला.

माइक कुठे ठेवावा हेही निरंजनला कळेना. मॅडमनी पीस उचलून ओढणीने पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

“चूक दाखवून घ्यायलाच आले होते मी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण तुझ्याकडून, निरंजन. माझ्या गिऱ्हाइकासमोर नाही.”

तो माफी मागू लागला, तोवर त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. स्टॉलच्या मागे बबनराव खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. “त्या बाईनं आपल्याला उभं केलं रं,” एवढंच ते बोलले. शिव्या घातल्या असत्या तर निरंजनला बरं वाटलं असतं.

दुपारी दुसरे एक गिऱ्हाईक, भोसरीचे सोपानराव, यायचे होते. निरंजनने पडदा बंद केला आणि त्यांना फोन लावला. या, पण पीस आणू नका, मशीन नुसतं बघा, असं त्याने सुचवलं.

“पीस आणायचा नाही?” सोपानराव म्हणाले. “मग भावा, मी यायचं कशाला?”

सकाळी त्याच्याकडे ह्याचं उत्तर तोंडपाठ होतं, डोळ्यांनी बघायला. आता फोन कानाला धरूनच त्याने माइकची वायर काढून टाकली.